शिल्लक रकमेची आणि दिवसांचीही

बचत खात्यातील सरासरी दैनिक शिल्लक म्हणजे खात्यात पैसे किती होते आणि किती दिवस होते, या दोन्हींचा एकत्र हिशेब. प्रत्येक दिवसाचे व्यवहार संपल्यावर खात्यात जी रक्कम उरते ती त्या दिवसाची शिल्लक. महिन्यातील सर्व दिवसांच्या अशा शिलकांची बेरीज करून तिला दिवसांच्या संख्येने भागले की त्या महिन्याची सरासरी मिळते. कांदाकाढणीचा हिशेब ठेवणाऱ्याला ही रीत ओळखीची आहे. दहा माणसे तीन दिवस राबली तरी तीस रोज भरतात आणि तीन माणसे दहा दिवस राबली तरी तीसच. खात्यातही हजार रुपये तीस दिवस राहिले किंवा तीस हजार रुपये एकच दिवस राहिले, तरी दोन्हींचे तीस हजार ‘रुपया-दिवस’ होतात आणि तीस दिवसांच्या महिन्याची सरासरी दोन्हीकडे हजारच निघते. मात्र मोजली जाते ती दिवसअखेरची शिल्लक. सकाळी भरलेली आणि त्याच दिवशी दुपारी काढून घेतलेली रक्कम, कितीही मोठी असली तरी, या बेरजेत येत नाही.

रुपया-दिवसांच्या याच बेरजेवर बँक दोन वेगळे निर्णय घेते. ग्राहकाला व्याज किती द्यायचे हा पहिला, आणि किमान शिल्लक न राखल्याबद्दल त्याच्याकडून शुल्क किती घ्यायचे हा दुसरा. पाया एक असला तरी या दोन निर्णयांची गणिते सारखी नाहीत. उत्पन्न वर्षातून दोन-तीन वेळा एकदम येणाऱ्या शेतकरी कुटुंबाला या फरकाची किंमत मोजावी लागते, ती नेमकी कशी, हे पाहण्यासारखे आहे.

आधी व्याज. 31 मार्च 2010 पर्यंत बँका बचत खात्यावर रोजच्या शिलकेनुसार व्याज देत नव्हत्या. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळे. 11 तारखेला जमा झालेले पैसे महिनाअखेरपर्यंत हात न लावता ठेवले तरी त्या महिन्यापुरते ते बिनव्याजी राहत. 9 तारखेला भरलेले पैसे 29 ला काढले तर वीस दिवस बँकेने ते वापरूनही ग्राहकाच्या पदरी काही पडत नसे. खातेवह्या हाताने लिहिल्या जात तोवर लाखो खात्यांची रोजची शिल्लक मांडणे अवघड होते, हे या पद्धतीमागचे कारण. शाखांमध्ये संगणक आल्यावर ते कारण उरले नाही. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये बदल जाहीर केला आणि 1 एप्रिल 2010 पासून व्यापारी बँकांमध्ये रोजच्या शिलकेवर व्याज मोजले जाऊ लागले. टपाल खात्याच्या बचत खात्यात मात्र 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेचा जुना नियम अजूनही आहे. गावात ज्यांची दोन्हीकडे खाती आहेत, त्यांना सारख्याच व्यवहारांवर दोन ठिकाणी वेगळे व्याज दिसते त्यात या नियमाचाही वाटा असतो. केवळ दर वेगळा असल्याने तसे होत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर मांडता येईल. जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे ओतूर आणि आळेफाटा या कांदाबाजारांच्या पट्ट्यातील गाव. येथे उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. हात अडलेला शेतकरी काही माल लगेच विकतो आणि उरलेला चाळीत भरून पावसाळ्यानंतरच्या भावाची वाट पाहतो. अशा एका कुटुंबाचे खाते खासगी बँकेच्या ग्रामीण शाखेत आहे आणि तेथे किमान सरासरी 2,500 रुपये ठेवायची आहे, असे समजू. कुटुंब आणि त्याचे आकडे कल्पित आहेत. क्रम मात्र या भागातल्या बहुतेक पासबुकांत सापडेल असा आहे.

1 एप्रिलला खात्यात 600 रुपये आहेत. 11 एप्रिलला कांद्याच्या पट्टीचे 48,000 रुपये जमा होतात. 14 एप्रिलला विकास सोसायटीचे कर्ज, खत-औषधांच्या दुकानाची उधारी आणि मजुरी यांसाठी 47,000 रुपये काढले जातात व 1,600 उरतात. 21 मेला 700 रुपये निघतात आणि शिल्लक 900 होते. 10 जूनला पेरणीच्या गडबडीत आणखी 500 जातात आणि 400 राहतात. जूनअखेरपर्यंत खात्यात दुसरी काही हालचाल नाही.

एप्रिलचे रुपया-दिवस असे पडतात. पहिले दहा दिवस 600 प्रमाणे 6,000, पुढचे तीन दिवस 48,600 प्रमाणे 1,45,800 आणि उरलेले सतरा दिवस 1,600 प्रमाणे 27,200. बेरीज 1,79,000, तिला तीसने भागल्यावर सरासरी सुमारे 5,967. म्हणजे खात्यात पैसे जेमतेम तीन दिवस थांबले, तरी महिना सहज निभावला. मे महिन्यात वीस दिवस 1,600 आणि अकरा दिवस 900 मिळून 41,900 रुपया-दिवस होतात आणि एकतीस दिवसांची सरासरी 1,351 रुपये 61 पैसे निघते. जूनमध्ये नऊ दिवस 900 आणि एकवीस दिवस 400, म्हणजे 16,500 रुपया-दिवस आणि सरासरी 550.

या तिमाहीचे एकूण 2,37,400 रुपया-दिवस झाले. व्याजदर 2.5 टक्के धरू. स्टेट बँकेने जून 2025 मध्ये बचत खात्याचा दर एवढाच केला. रुपया-दिवसांना दराने गुणून 365 ने भागले की तिमाहीचे व्याज 16 रुपये 26 पैसे येते. 2010 पूर्वीच्या नियमाने एप्रिलचे 600, मेचे 900 आणि जूनचे 400 एवढ्याच रकमा धरल्या गेल्या असत्या आणि याच दराने सुमारे 4 रुपये मिळाले असते. पट्टीचे 48,000 रुपये 11 तारखेला आले आणि 14 ला गेले, त्यामुळे जुन्या नियमाच्या लेखी ते खात्यात आलेच नव्हते. 2010 च्या बदलाने या कुटुंबाच्या तीन दिवसांनाही मोल दिले. रक्कम छोटी असली तरी न्याय खरा आहे: रुपया जितके दिवस बँकेकडे, तितक्या दिवसांचे व्याज. खात्यावरचे हे व्याज निदान दर तिमाहीला जमा झाले पाहिजे, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

याच आकड्यांवर शुल्काचा हिशेब मांडला की चित्र उलटते. अनेक बँका किमान सरासरीत जितकी तूट असेल तिच्या ठरावीक टक्क्यांनी शुल्क लावतात. येथे 6 टक्के धरू. एप्रिलमध्ये तूट नाही. मेमध्ये तूट 1,148 रुपये 39 पैसे, शुल्क 68 रुपये 90 पैसे, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 81 रुपये 30 पैसे. जूनमध्ये तूट 1,950 रुपये, शुल्क 117 रुपये, करासह 138 रुपये 6 पैसे. दोन महिन्यांचे मिळून 219 रुपये 36 पैसे. व्याज सोळा रुपये आणि शुल्क त्याच्या तेरापट.

व्याज मोजताना प्रत्येक रुपया-दिवस जमेस धरला जातो आणि एप्रिलमधील जास्तीचा प्रत्येक दिवस बेरजेत राहतो. शुल्क मोजताना महिन्याच्या सीमेवर भिंत उभी राहते. एप्रिलला 2,500 च्या सरासरीसाठी 75,000 रुपया-दिवस पुरेसे होते आणि कुटुंबाने 1,79,000 दिले. वरचे 1,04,000 महिना संपताच वाया गेले. मे आणि जूनची तूट त्यातून भागवता येत नाही. बँक जास्तीचे वजावटीला घेत नाही, कमी पडलेले तेवढे वसूल करते.

हीच बँक सरासरी महिन्याऐवजी तिमाहीवर मोजत असती तर 2,37,400 ला 91 ने भागून सुमारे 2,609 रुपये सरासरी आली असती. अट पूर्ण झाली असती आणि शुल्क शून्य राहिले असते. कुटुंबाने एक रुपयाही इकडचा तिकडे केला नसता. केवळ मोजण्याचा कालावधी बदलला असता. एचडीएफसी बँकेने शहरांत मासिक सरासरी ठेवली असताना ग्रामीण शाखांसाठी बराच काळ तिमाही सरासरीची अट ठेवली होती. कालावधी गावाच्या उत्पन्नाला जुळवून घेता येतो, याचे हे व्यवहारातले उदाहरण. म्हणून खाते उघडताना किमान शिल्लक किती, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या कालावधीची सरासरी आहे, हा प्रश्न शेतकऱ्यासाठी अधिक मोलाचा आहे.

महिना हे माप पगारदाराचे आहे. ज्याच्या खात्यात दर महिन्याला ठरल्या तारखेला पैसे येतात, त्याच्यासाठी एक महिना दुसऱ्यासारखाच असतो आणि मासिक सरासरी त्याची स्थिती बऱ्यापैकी सांगते. कांदा, टोमॅटो किंवा ऊस पिकवणाऱ्याचा महिना दुसऱ्या महिन्यासारखा नसतो. दुधाचे पैसे दहा-दहा दिवसांनी येतात खरे, पण ते घरखर्चात जिरतात. खात्यात थांबतात ते पिकाचे. मासिक सरासरी अशा खात्याला वर्षातून दोन-तीन महिने श्रीमंत आणि उरलेले महिने कसूरदार ठरवते. तिमाहीनेही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. वरच्या उदाहरणात पट्टी 11 एप्रिलऐवजी 25 मार्चला जमा होऊन 28 मार्चला निघून गेली असती तर तिचे सारे रुपया-दिवस आधीच्या तिमाहीत गेले असते आणि एप्रिल ते जूनची तिमाही तुटीत आली असती. शेतीला खरे जुळणारे माप वर्षाचे आहे. 2,500 च्या वार्षिक सरासरीसाठी 9,12,500 रुपया-दिवस लागतात. आपल्या कुटुंबाचे 2,37,400 एका तिमाहीतच झाले आहेत. चाळीतला कांदा ऑक्टोबरमध्ये विकून 90,000 रुपये दहा दिवस खात्यात राहिले तरी आणखी 9,00,000 होतात आणि वर्षाची अट ओलांडली जाते. गेल्या बारा महिन्यांची चालती सरासरी काढणे आजच्या संगणकाला मुळीच जड नाही. हाताने लिहिण्याची अडचण हे 2010 पूर्वीच्या अन्यायाचे कारण होते. मासिक भिंतीला आज तेही कारण नाही.

बँकांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळता येणार नाही. खाते चालवण्याला खर्च येतो. पासबुक, कार्ड, संदेश, शाखेतील माणूस यांचा बोजा छोट्या खात्यावर मोठ्याइतकाच पडतो. तीन दिवस आलेल्या 48,000 रुपयांवर बँक दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ शकत नाही, तिला स्थिर शिल्लक हवी असते. यातला खर्चाचा भाग खरा आहे. पण स्थिरतेचा मुद्दा व्याजाच्या हिशेबापुढे टिकत नाही. रुपया-दिवस हे जर व्याज देण्यासाठी योग्य माप असेल, तर तेच माप शुल्कासाठी महिन्याच्या आत कोंडायचे आणि व्याजासाठी मोकळे ठेवायचे, याला खर्चाचा आधार मिळत नाही. स्थिर शिल्लक हवी असेल तर सरासरीऐवजी रोजच्या किमान शिलकेची अट घालावी लागेल, आणि तसे केले तर पगारदार ग्राहकच आधी अडचणीत येईल.

रिझर्व्ह बँकेने किमान शिल्लक किती असावी हे ठरवून दिलेले नाही, ते बँकांवर सोडले आहे. वसुलीवर मात्र 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने काही बंधने घातली आणि ती 1 एप्रिल 2015 पासून व्यापारी बँकांना लागू झाली. किमान शिल्लक कमी पडल्यास बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने ग्राहकाला कळवायचे. शिल्लक भरून काढायला निदान एक महिन्याची मुदत द्यायची. शुल्क सरसकट न लावता तुटीच्या प्रमाणात लावायचे. ते सेवेच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावे. आणि केवळ या शुल्कामुळे खाते उणे होता कामा नये. त्याआधी त्याच वर्षी, निष्क्रिय खात्यांवर किमान शिलकेचे शुल्क घेण्यासही मनाई करण्यात आली होती.

यातील ‘शिल्लक भरून काढणे’ सरासरीच्या बाबतीत सोपे नाही. मेची सरासरी जूनमध्ये बदलता येत नाही. जूनमध्ये भरलेल्या पैशांनी फक्त जूनची सुधारते. म्हणून नोटीस मिळालेल्या ग्राहकाने पुढचा महिना तरी अटीत बसवायचा असतो, आणि तो कसा बसवायचा याचे गणित महिना चालू असतानाच करावे लागते. मेसाठी 2,500 गुणिले 31 म्हणजे 77,500 रुपया-दिवस हवेत. 22 मेच्या सकाळी हिशेब केला तर 21 तारखेपर्यंतचे 32,900 झालेले असतात. उरलेले 44,600 दहा दिवसांत भरायचे तर रोज 4,460 ची शिल्लक हवी, म्हणजे त्याच दिवशी 3,560 रुपये भरून महिनाअखेरपर्यंत हात लावायचा नाही. हेच 30 मेला लक्षात आले तर दोन दिवसांसाठी रोज 18,700 लागतात आणि 17,800 भरावे लागतात. 31 मेला लक्षात आले तर एका दिवसासाठी 36,500 ची शिल्लक हवी. उशिराच्या प्रत्येक दिवसाबरोबर रक्कम वाढत जाते. ज्या घरात मेच्या अखेरीस 17,800 रुपये पडून आहेत, त्या घराला 81 रुपयांच्या शुल्काची चिंता बहुधा नसते; ज्याला ती आहे, त्याच्याकडे ते पैसे नसतात. महिन्याच्या सुरुवातीला थोडी रक्कम थांबवणे स्वस्त पडते. 14 एप्रिलला काढलेल्या 47,000 पैकी 1,150 रुपये 1 मेपासून महिनाभर खात्यात थांबले असते, तर मेची सरासरी सुमारे 2,502 झाली असती.

शुल्काची पातळी शाखा कोणत्या वस्तीत आहे यावरही ठरते. लोकसंख्येनुसार ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी असे गट असतात. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीचे गाव ग्रामीण, त्याहून मोठे निमशहरी. त्यामुळे पिंपरी पेंढारचा शेतकरी खाते कोठे उघडतो यावर त्याची अट बदलू शकते, जरी त्याचे उत्पन्न आणि शेत तेच असले तरी. बाजाराच्या मोठ्या गावात खाते उघडण्याची सोय कधी कधी अशी महाग पडते.

स्टेट बँकेने एप्रिल 2017 मध्ये हे शुल्क पुन्हा सुरू केले तेव्हा महानगरी शाखांसाठी 5,000 आणि ग्रामीण शाखांसाठी 1,000 रुपयांची मासिक सरासरी मागितली होती. टीका झाल्यावर महानगराची अट 3,000 वर आली, पुढे शुल्कही कमी झाले आणि 11 मार्च 2020 ला ते सर्व बचत खात्यांवरून काढून टाकले गेले. 2025 च्या मध्यात कॅनरा बँक, बँक ऑफ बडोदा, पंजाब नॅशनल बँक आणि इंडियन बँक यांनीही ते बंद केले. सार्वजनिक बँकांनी 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत किमान शिलकेच्या शुल्कातून सुमारे 8,500 कोटी रुपये घेतल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. त्याच 2025 च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या महानगरी खात्यांसाठी 50,000 ची अट जाहीर केली आणि काही दिवसांतच ती 15,000 वर आणली. ग्रामीण शाखांसाठी ती 2,500 ठरली. शुल्क असावे की नसावे, आणि असल्यास किती, हा वाद दोन्ही बाजूंनी चालू आहे. सरासरी किती काळाची धरावी, हा प्रश्न मात्र या वादात क्वचितच उठतो.

ज्याला या मापातून बाहेर पडायचे आहे त्याच्यासाठी मूलभूत बचत ठेव खाते हा मार्ग आहे. ऑगस्ट 2012 च्या नियमांनुसार त्यात किमान शिलकेची अट नसते आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे मोफत काढता येतात. असे खाते घेतल्यावर त्याच बँकेतील दुसरे बचत खाते तीस दिवसांत बंद करावे लागते. पूर्ण कागदपत्रे न देता उघडलेले ‘छोटे खाते’ मात्र वेगळे. त्यात शिल्लक कधीही 50,000 च्या वर नेता येत नाही, वर्षभरातील जमा एक लाखाच्या आत असावी लागते आणि महिन्याला 10,000 पेक्षा जास्त काढता येत नाहीत. वरच्या उदाहरणातील कुटुंबाला 14 एप्रिलला अशा खात्यातून 47,000 रुपये काढताच आले नसते, आणि ऑक्टोबरचे 90,000 त्यात मावले नसते. म्हणून कांद्याची पट्टी जमा होणाऱ्या घराने आधार आणि इतर कागदपत्रे देऊन मूलभूत खाते पूर्ण स्वरूपात करून घेणे आवश्यक ठरते.

नोटीस न देता किंवा मुदत न देता शुल्क कापले गेले असेल तर ते पासबुकावरून सिद्ध करता येते. तूट कोणत्या महिन्याची, संदेश कोणत्या तारखेला आला आणि कपात कधी झाली, या तीन तारखा पुरतात. प्रथम शाखेकडे लेखी तक्रार द्यायची. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर 12 नोव्हेंबर 2021 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. सोबत रोजच्या शिलकेचा हिशेब जोडला, तर बँकेच्या सरासरीचा आकडाही त्यावर पडताळून पाहता येतो.